‘ठीक’, ‘झालं’ आणि ‘अठ्ठावन्न’

माझा सर्वांत धाकटा मामेभाऊ सोळा वर्षांचा आहे आणि मी त्रेपन्न वर्षांची. आईच्या माहेरी सात भावंडे. आई सर्वांत थोरली आणि हा मामा शेंडेफळ. त्याचे लग्न उशिरा झाले आणि मूल त्याहून उशिरा. त्यामुळे नात्याने माझा भाऊ असलेला हा मुलगा वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान आहे. गेल्या जूनमध्ये तो अकरावीसाठी पाटण तालुक्यातील आपल्या गावाहून साताऱ्याला आमच्या घरी राहायला आला. सोबत दोन बॅगा होत्या आणि बर्फाची पिशवी घातलेला एक लहान डबा होता. त्या डब्यात इन्सुलिन होते. तेराव्या वर्षी त्याला टाइप १ मधुमेहाचे निदान झाले होते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना मधुमेह आहे, पण तो बहुधा टाइप २. टाइप १ चे गणित निराळे असते. शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. गोड खाण्याशी या आजाराच्या उगमाचा संबंध नाही, आणि कारल्याच्या रसाने किंवा गोळ्यांनी इन्सुलिनची जागा भरून निघत नाही. ते बाहेरूनच घ्यावे लागते, रोज आणि आयुष्यभर. हा मुलगा रात्री एकदा दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन घेतो आणि तिन्ही जेवणांपूर्वी जलद काम करणारे. म्हणजे दिवसाला चार टोचण्या; शिवाय साखर तपासण्यासाठी बोटाला टोचणे वेगळेच.

मी डॉक्टर. प्रश्न विचारणे हाच माझा तीस वर्षांचा व्यवसाय. साहजिकच मी पहिल्या दिवसापासून विचारू लागले.

“साखर किती आली?”

“ठीक.”

“इन्सुलिन घेतलंस?”

“घेतलं.”

“डबा खाल्लास?”

“झालं.”

“कॉलेज कसं आहे?”

“बरं.”

उद्धटपणा त्यात मुळीच नव्हता. खाली पाहून, शांतपणे, एका शब्दात तो उत्तर देई आणि आपल्या खोलीत जाई. पंधरा दिवसांत मला त्याच्याविषयी जे कळले, ते सारे मामाच्या फोनवरून कळले होते.

जुलैच्या अखेरीस त्याची एचबीए१सी तपासणी झाली. रक्तातील साखरेची साधारण दोन ते तीन महिन्यांची सरासरी या तपासणीतून कळते. आकडा आला ९.६. याचा अर्थ साखर सरासरी २३० च्या आसपास राहत होती. त्याच्या वहीत मात्र १३२, १२८, १४०, १३५ असे आकडे ओळीने लिहिलेले होते, महिनाभराचे, एकाच पेनाने आणि एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. खऱ्या नोंदींच्या वहीवर आमटीचा डाग असतो, एखाद्या दिवशी २७० असते, एखादी जागा कोरी असते. ही वही फारच स्वच्छ होती.

मग मी आणखी एक हिशेब केला. जलद इन्सुलिनच्या एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. त्याला प्रत्येक जेवणाआधी साधारण ८ युनिट लागत आणि दर वेळी सुईतील हवा काढण्यासाठी २ युनिट वाया जात. तीन वेळचे मिळून दिवसाला ३० युनिट झाले, म्हणजे कार्ट्रिज दहा दिवसांत संपायला हवे. त्याचे पंधरा दिवस पुरत होते. याचा सरळ अर्थ असा की तीनपैकी एक डोस रोज बुडत होता.

निदान अचूक होते. त्यानंतर मी जे केले, ते चुकीचे होते. रात्रीच्या जेवणाला आई, माझे पती आणि तो असे सगळे बसलेले असताना मी वही, तपासणीचा कागद आणि कार्ट्रिजचा हिशेब असे तिन्ही पुरावे टेबलावर मांडले. “हे आकडे खोटे आहेत. तू कोणाला फसवतो आहेस?” असे मी म्हटले. त्याने “हं” केले, ताट तसेच ठेवले आणि उठून गेला. त्या रात्रीपासून वही बॅगेत गेली आणि खोलीला आतून कडी लागू लागली. खटला मी जिंकले होते. साक्षीदार मात्र गमावला होता.

त्या रात्री आईने मला जे सांगितले, ते वैद्यकीय शिक्षणात मला कोणी सांगितले नव्हते. ती म्हणाली, “अगं, तो खोटं बोलतो कारण खरं बोलून त्याला काय मिळणार, हे त्याला ठाऊक आहे. मीसुद्धा तुला कुठे सगळं सांगते?”

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिले. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिला वीस वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. “आज कसं वाटतंय?” या माझ्या प्रश्नाला तिचे उत्तरही वर्षानुवर्षे एका शब्दाचेच होते. ते म्हणजे “बरंय”. वाचकहो, आपणही आपल्या मुलासुनांना फोनवर हेच उत्तर देत असाल. गुडघा दुखत असतो, रात्री झोप झालेली नसते, सकाळची गोळी विसरलेली असते. पण खरे सांगितले की उपदेश सुरू होतो, काळजीचे चार फोन जास्त येतात, आणि लोणच्याची बरणी उचलून वर ठेवली जाते. म्हणून आपण “बरंय” म्हणतो आणि विषय मिटवतो.

सोळा वर्षांचा मुलगा नेमके हेच करत होता. साखरेचा आकडा त्याच्या दृष्टीने परीक्षेतील गुणांसारखा झाला होता. १३० म्हणजे पास, २७० म्हणजे नापास, आणि नापासाचे प्रगतिपुस्तक रोज चार वेळा कोणाला दाखवावेसे वाटेल? एका शब्दाचे उत्तर हे त्याच्यापुरते शहाणपणाचे उत्तर होते. मी प्रश्न बदलून काही उपयोग नव्हता. उत्तर मिळाल्यानंतर माझ्याकडून जे घडत होते, ते बदलायला हवे होते.

पण आजार काही आमच्यातील विश्वास जुळेपर्यंत थांबणार नव्हता. टाइप १ मध्ये जेवणाआधीचा एखादा डोस बुडाला तर साखर चढते. रात्रीचे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन बुडू लागले तर मात्र रक्तात कीटोन साचून जिवावर बेतू शकते. म्हणून त्याच्या मधुमेहतज्ज्ञांशी बोलून मी एकच गोष्ट आग्रहाची ठेवली. रात्रीचे इन्सुलिन नऊ वाजता, बैठकीत, आईच्या गोळ्यांच्या वेळी घ्यायचे. कारणही त्याला स्पष्ट सांगितले. बाकी सर्व चौकशी मी थांबवली. वही मागितली नाही. ग्लुकोमीटरच्या स्मृतीत प्रत्येक तपासणीचा आकडा तारीखवेळेसह साठलेला असतो. तो रात्री हळूच पाहणे मला सहज शक्य होते, पण ते मी केले नाही. तज्ज्ञांच्या भेटीच्या वेळी तो स्वतःच यंत्र त्यांच्या हाती देणार होता, तेवढे पुरेसे होते. त्यांनाच त्याचे डॉक्टर राहू द्यावे आणि मी केवळ ताई राहावे, असे ठरवले. मामा रोज रात्री फोन करून “किती आली?” म्हणून विचारी. त्यालाही विनंती केली की आठवडाभर हा प्रश्न सोडून बाकी काहीही विचार. गाय व्याली का, पाऊस किती झाला, हे मुलाला सांग. पुढे तो आठवडा वाढत जाऊन महिन्याचा झाला.

मुलाला मी त्याच्याच खोलीच्या दारात उभी राहून, एकदाच आणि थोडक्यात सांगितले, “त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं.” तो म्हणाला, “हं.” पण या वेळी त्याने वर पाहिले होते.

यानंतरचा भाग आईने घडवला. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि हात थरथरतो. आठवड्यातून दोनदा तिची साखर मी तपासत असे. ऑगस्टच्या आरंभी तिने ते काम परस्पर त्याला दिले. “मला त्या यंत्रातलं दिसत नाही रे. तू बघून देत जा.” यात युक्ती होती, पण नाटक नव्हते, तिला खरोखरच दिसत नव्हते. आणि या कामात तो आम्हा सर्वांपेक्षा तरबेज होता. बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचावे म्हणजे कमी दुखते, आधी कोमट पाण्याने हात धुवावे म्हणजे थेंब चटकन येतो, हे त्याने तिला दाखवले. तीन वर्षे ज्याची फक्त काळजी घेतली जात होती, तो आता कोणाची तरी काळजी घेत होता.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा आकडा आला २४८. त्याने तो वाचून दाखवला. आई मोकळेपणाने म्हणाली, “काल नारळीभात दोनदा घेतला.” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. भात, गूळ, डोळे, मूत्रपिंड असे पूर्ण व्याख्यान माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात माझे लक्ष गेले. तो ग्लुकोमीटरकडे पाहत नव्हता, आईकडेही नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

मी म्हटले, “बरं. संध्याकाळी पुन्हा बघू.” आणि चहा गाळायला वळले.

मला आजही वाटते की या साऱ्या कथेतील वळण हेच होते. मुले आपल्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी आपली परीक्षा घेतात, आणि ती आपल्या गोड शब्दांवरून घेत नाहीत. घरातील दुसऱ्या कोणाची चूक बाहेर येते, तेव्हा आपण कसे वागतो ते मुले पाहतात. कामवाल्या बाईंच्या हातून कप फुटला तर, पतीने वीजबिल भरायचे विसरले तर, आईने दोनदा नारळीभात खाल्ला तर. त्या मुलाशी बोलण्याचे हजार प्रयत्न एकीकडे, आणि त्याच्यासमोर आईला दिलेले ते चार शब्द एकीकडे.

त्या दिवसापासून मी आकड्यांना विशेषणे लावणे बंद केले. “छान” नाही, “अरे बापरे” नाही, “पुन्हा चढली” नाही. छान म्हणण्यातही धोका असतो. आज १२० ला शाबासकी दिली की उद्याचा २६० लपवावासा वाटतो. आणि विचारण्याऐवजी मी सांगू लागले. “आज डब्यात दोन पोळ्या आणि वाटाण्याची उसळ आहे,” असे म्हटले की त्याला इन्सुलिनचा अंदाज बांधता येई आणि उत्तर देण्याची सक्ती नसे. माझेही काही सांगू लागले: आज दवाखान्यात कोणते आजोबा रुसले, माझे स्वतःचे काय चुकले. कधी तो “हं” करी, कधी काहीच नाही. ती शांतता भरून काढण्याची घाई न करणे, हेच मला सर्वांत कठीण गेले.

आठवडाभराने तो आपणहून पहिले पूर्ण वाक्य बोलला. “आत्याची सुई बोथट झालीय, बदलायला हवी.” आई एकच सुई कित्येक आठवडे वापरत होती, हे मला, घरातील डॉक्टरला, ठाऊक नव्हते. मी त्याच दिवशी नव्या सुया आणल्या. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच दिवशी झाली, इतकेच त्याला दिसले आणि तेवढे पुरेसे होते.

गणपती झाले. सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी मी त्याला स्कूटरवरून कॉलेजला सोडायला निघाले होते. दवाखाना त्याच वाटेवर असल्याने हे आमचे रोजचेच. पोवई नाका ओलांडल्यावर मागून आवाज आला, “कॉलेजात टोचायला जागा नाही.”

मी मागे वळले नाही आणि स्कूटरही थांबवली नाही. थोड्या वेळाने विचारले, “मग काय करतोस?”

बरेच अंतर गेल्यावर उत्तर आले, “घेत नाही.”

कार्ट्रिजच्या हिशेबात मला जुलैतच सापडलेला तो रोजचा बुडणारा डोस मला सप्टेंबरमध्ये त्याच्या तोंडून मिळाला. दोन्हींत फरक इतकाच की पहिल्याचा काही उपयोग झाला नव्हता. फाटकाशी तो उतरला तेव्हा मी एवढेच म्हटले, “सांगितलंस ते बरं केलंस.” पुढचे मी विचारले नाही. ते तुकड्यातुकड्याने पुढच्या आठवड्यात आले, आणि बहुतेक स्कूटरवरच आले. स्वच्छतागृह इतके घाण होते की तिथे सुई उघडवत नव्हती. वर्गात एकदा पेन काढले तर एक मुलगा “काय रे, नशा करतोस काय?” म्हणाला आणि सारे हसले. डबा न खावा तर मित्र कारण विचारतात, म्हणून तो डबा खात असे आणि इन्सुलिन घेत नसे. मग दुपारभर साखर तीनशेच्या घरात राही, डोके जड होई, तहान लागे आणि शिक्षक काय शिकवत आहेत ते कळेनासे होई. “कॉलेज कसं आहे?” या प्रश्नाला तो “बरं” म्हणत होता, त्या एका शब्दामागे एवढे सारे होते.

स्कूटरवर तो का बोलला, हे मी माझ्या दवाखान्यातही पाहिले आहे. समोरासमोर बसून डोळ्यांत पाहत विचारलेला प्रश्न या वयाला झडतीसारखा वाटतो. शेजारी बसून शेंगा सोलताना, वाहनावर, अंधारात गच्चीवर, म्हणजे दोघांचे डोळे दुसरीकडे असताना, शब्द सुटतात. शिवाय त्या प्रवासाला शेवट असतो. कॉलेज आले की विषय आपोआप संपणार, याचा त्याला भरवसा असतो.

मी विचारले, “मी तुझ्या शिक्षकांशी बोलू का?”

“नको.”

हा शब्दही एकच होता, पण तो खरा होता. पूर्वीच्या सगळ्या “ठीक”पेक्षा मौल्यवान. तो मी पाळला. अर्थात तिथेच सोडूनही दिले नाही. मी त्याला कारण सांगितले. वर्गात साखर एकाएकी उतरली आणि तुला बोलता आले नाही, तर काय करायचे हे तिथे निदान एका माणसाला माहीत हवे. तो माणूस कोण, हे तू ठरव. त्याने चार दिवस घेतले आणि बाकावरच्या मित्राला सांगितले. हातपाय थरथरणे, घाम, भलतेच बोलणे ही लक्षणे आणि बॅगेच्या कुठल्या कप्प्यात ग्लुकोज आहे, हेही दाखवले. दहा-बारा दिवसांनी तो आपणहून वर्गशिक्षकांकडे गेला. त्यांनी ग्रंथालयाच्या मागची एक लहान खोली त्याला दुपारी वापरायला दिली. मी गेले असते तर हे काम एका दिवसात झाले असते, आणि पुढच्या अडचणीच्या वेळी पुन्हा “ठीक” ऐकायला मिळाले असते.

याच सुमारास आम्ही दोघांनी एक करार केला. तोंडीच, पण काटेकोर. साखर ७० च्या खाली गेली, किंवा २५० च्या वर असून उलटी, पोटदुखी होऊ लागली, तर रात्री कितीही वाजता मला उठवायचे. माझ्या बाजूने अट अशी की तेव्हा कारण विचारायचे नाही आणि दुसऱ्या दिवशीही रागवायचे नाही. आणि एक गोष्ट मी आधीच स्पष्ट केली. सगळेच गुपित ठेवीन असे मी तुला सांगणार नाही. जिवाला धोका असेल तर तुझ्या वडिलांना आणि डॉक्टरांना सांगेन. पण सांगण्याआधी, मी सांगते आहे हे तुला सांगेन. आपल्या हातून पुढे मोडेल असे वचन कधी देऊ नये. अशा मुलांच्या बाबतीत मोडलेले वचन दुरुस्त होत नाही.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळी होऊन गेल्यावर, एका रात्री दोनच्या सुमारास माझ्या दारावर टकटक झाली. दारात तो उभा होता. कपाळ घामाने ओले होते, हातात ग्लुकोमीटर होता. तो म्हणाला,

“अठ्ठावन्न.”

मी दिवा लावला, त्याला खुर्चीवर बसवले, अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. ही साखर साधारण १५ ग्रॅम होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि ७० च्या वर नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यायची, हा नियम. त्याची ८६ आली. मग पेलाभर दूध आणि दोन बिस्किटे. हे सारे तो शुद्धीवर होता आणि गिळू शकत होता म्हणून. बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून तत्काळ १०८ ला फोन करावा.

अर्धा तास आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी काही विचारले नाही. सकाळीही विचारले नाही, यासाठी मला जीभ चावावी लागली. चहाच्या वेळी तो आपणहून म्हणाला, “काल दोन तास कबड्डी खेळलो. रात्रीचं नेहमीइतकंच घेतलं.” व्यायामाचा परिणाम कित्येक तास टिकतो. संध्याकाळी खेळलेल्याची साखर मध्यरात्रीनंतर उतरू शकते. पुढच्या भेटीत त्याने हे स्वतः आपल्या तज्ज्ञांना सांगितले आणि खेळाच्या दिवशी काय बदल करायचा, हे त्यांनी दोघांनी मिळून ठरवले.

मी त्या रात्रीचा पुष्कळ विचार केला. तोही एकच शब्द होता. जूनमध्ये “ठीक” म्हणणारा मुलगा नोव्हेंबरमध्ये “अठ्ठावन्न” म्हणाला. शब्दांची संख्या वाढली नव्हती. पण पहिला शब्द दार लावून घेण्यासाठी होता आणि दुसरा दार वाजवण्यासाठी. मुलगा किती बोलतो यावरून विश्वास मोजू नये. अडचणीत सापडल्यावर तो कोणाकडे येतो, यावरून मोजावा.

जानेवारीत एचबीए१सी ८.१ आले. त्यांचे उद्दिष्ट सातच्या आसपास आहे, म्हणजे वाट अजून बरीच आहे. वही पुन्हा बैठकीतल्या फडताळावर आली आहे. तिच्यात आता २९० आहे, ६४ आहे, काही जागा कोऱ्या आहेत, आणि एका पानावर हळदीचा डागही आहे. त्या पानाकडे पाहून मला जितके बरे वाटले, तितके कुठल्याच स्वच्छ पानाने वाटले नव्हते.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा, कारण “हळूहळू बोलेल” म्हणत थांबणे प्रत्येक वेळी बरोबर नसते. मितभाषी मुलगा आणि आतून कोसळत चाललेला मुलगा यांत फरक ओळखता येतो. मितभाषी मुलगा आपल्याशी कमी बोलतो, पण मित्रांशी बोलतो, खेळतो, जेवतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, झोप उडाली किंवा दिवसभर झोपूनच राहू लागला, वजन उतरले, मित्र तुटले, अभ्यास एकदम घसरला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. “माझा काय उपयोग”, “मी नसतो तर बरं” अशा अर्थाचे काही बोलला, तर सरळ, शांतपणे विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे उतरवायला वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे ठेवू नये, घरातील औषधे मोठ्यांच्या ताब्यात घ्यावी आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते. टाइप १ असलेल्या मुलाला वारंवार उलट्या होऊ लागल्या, श्वास खोल आणि जलद झाला, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, तर तो रुसवा नाही आणि अपचनही नाही. ती रुग्णालयाची वेळ आहे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांना आणखी एक विनंती. अशा मुलासमोर “एवढ्याशा वयात काय हे नशिबी आलं” असे उसासे टाकू नका. त्यापेक्षा आपली सुई, आपला चष्मा, आपला मोबाइल घेऊन त्याच्याकडे जा. आपल्याला त्याची खरोखर गरज असते, आणि कोणाला तरी आपली गरज आहे हे त्यालाही कळावे लागते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्याला वाचायला दिला. त्याचे नाव घालणार नाही, आणि त्याला नको असेल ते गाळीन, असे सांगितले. तो गच्चीवर गेला, बराच वेळ वाचत बसला. खाली आल्यावर कागद माझ्या हाती दिले. नशेवरून हसण्याचा प्रसंग राहू द्यावा की काढावा, हे मला त्याच्याकडून जाणून घ्यायचे होते.

“राहू दे,” तो म्हणाला.

दोन शब्द होते. आईने ते मोजले.